रात्रीचं चार वेळा उठणं: सहा महिन्यांच्या बाळाची भूक आणि सवय वेगळी कशी काढली

हे प्रकरण सहा महिने पूर्ण झालेल्या एका मुलीचं आहे. पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन ३ किलो. पाचव्या महिन्याच्या शेवटी ६.६ किलो होती, आता ७ किलो आहे. आई नऊ तास कामासाठी घराबाहेर असते. त्या वेळात आजी आईचं काढून ठेवलेलं दूध बाटलीने देते, बाकीच्या वेळी बाळ अंगावर पितं. दोन आठवड्यांपूर्वी वरचं अन्न सुरू झालं, दिवसातून दोनदा, काही चमचे. रात्री आठच्या सुमारास बाळ पिता पिताच झोपतं आणि सकाळी साडेसहापर्यंत चार वेळा उठतं. चारही वेळा आई छातीशी घेते आणि चारही वेळा बाळ थोडंफार पितं.

आजीचं म्हणणं, "अगं, भूक लागल्याशिवाय का एवढी रडेल ती?" बाबांना ही निव्वळ सवय वाटत होती. आई माझ्याकडे आली तेव्हा थकलेली होतीच, पण तिचा प्रश्न नेमका होता: "ताई, दिलं की पिते. मग भूक नाही असं कसं म्हणू?"

स्तनपान सल्लागार म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. माझ्या मते त्यात एक चुकीचं गृहीत दडलेलं असतं, ते म्हणजे रात्रीचं सगळं उठणं एकाच जातीचं आहे. एकाच रात्रीतली चार उठणी चार वेगळ्या कारणांची असू शकतात. या घरात तसंच निघालं.

आधी एक गोष्ट पक्की केली

भूक की सवय या प्रश्नाला हात घालण्याआधी बाळाचं पोषण एकंदरीत नीट चाललं आहे ना, ते पाहावं लागतं. महिन्याभरात ४०० ग्रॅम वाढ या वयाला चांगली आहे. वजन मुलींच्या तक्त्यातल्या मधल्या रेषेच्या किंचित खाली होतं, पण जन्मापासून तीच वाट धरून वर गेलेलं होतं. चोवीस तासांत सहा-सात लंगोट चांगले जड ओले होत होते. ताप, उलट्या, खोकला काही नाही. कान ओढणं नाही, आडवं ठेवल्यावर जास्त रडणं नाही. डॉक्टरांनी नुकतंच तपासलं होतं.

यातलं काही बिघडलेलं असतं, वजनाची रेषा खाली झुकू लागली असती किंवा बाळ वेळेआधी जन्मलेलं असतं, तर मी पुढचं काही सुचवलंच नसतं. अशा बाळाला रात्री मागेल तेव्हा पाजायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. "सवय असेल" हा शब्द तिथे धोक्याचा आहे.

पाच रात्रींची वही

आईला मी पाच रात्री काहीही न बदलता फक्त नोंद ठेवायला सांगितली. नेहमीसारखंच पाजायचं, पण प्रत्येक उठण्याला चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता उठलं, शेवटचं पोटभर पिऊन किती वेळ झाला, गिळण्याचा आवाज किती मिनिटं आला आणि त्यानंतर बाळ किती वेळ झोपलं. शेजारी दिवसाचा एक रकाना, आजीने बाटलीतून किती दूध गेलं ते लिहायचा.

यातला गिळण्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तो नीट सांगते. छातीशी लागलेलं बाळ दोन प्रकारे चोखतं. भूक असेल तर सुरुवातीला भराभर चोखून पान्हा आणतं आणि दूध उतरलं की गती मंदावते: जबडा खोलवर खाली जातो, साधारण सेकंदाला एक ओढ, आणि दर एक-दोन ओढींना गिळल्याचा हलका "क्-ह" असा आवाज. नुसतं शांत होण्यासाठी चोखणारं बाळ हलकं आणि जलद चोखतं, सेकंदाला दोनदा वगैरे. हनुवटी थरथरल्यासारखी हलते, पण गिळणं क्वचितच ऐकू येतं. बाळ वीस मिनिटं छातीशी होतं यावरून काहीच कळत नाही. त्या वीस मिनिटांत गिळणं किती होतं, ते सांगता आलं पाहिजे. अंधारातही ते कानाने कळतं. पहिल्या रात्री आईला खात्री वाटत नव्हती, दुसऱ्या रात्रीपासून फरक स्पष्ट ऐकू येऊ लागला.

हातांकडेही लक्ष द्यायला सांगितलं होतं. भुकेलं बाळ बहुधा मुठी आवळून येतं आणि पोट भरत जाईल तसे हात सैल पडतात. हे लक्षण एकट्याने पुरेसं नाही, गिळण्याच्या जोडीला मात्र उपयोगी पडतं.

वहीत काय दिसलं

पहिलं उठणं झोपल्यावर ४० ते ५० मिनिटांनी. बाळ आठला झोपलं तर पावणेनऊला उठायचं. एका रात्री पाहुण्यांमुळे आठ-चाळीसला झोपलं, तर साडेनऊला उठलं. म्हणजे हे उठणं घड्याळाला बांधलेलं नव्हतं आणि पोटालाही नव्हतं, डोळा लागल्याच्या क्षणाला बांधलेलं होतं. या वयात झोपेचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं आणि त्याच्या टोकाला प्रत्येक बाळ थोडं जागं होतं. जे बाळ छातीशी असताना झोपलं, त्याला तिथे जाग आल्यावर छाती सापडत नाही आणि ते हाक मारतं. गिळण्याच्या रकान्यात पाचही रात्री या वेळी एक मिनिटाच्या आतली नोंद होती. तासाभरापूर्वी दोन्ही बाजूंना पोटभर प्यायलेल्या बाळाची ही भूक असणं शक्य नाही.

दुसरं उठणं मात्र दरवेळी वेगळ्या वेळी होतं. कधी बारा-वीस, कधी पाऊण, कधी एक-पस्तीस. इथे बाळ खरंच प्यायचं. दहा-बारा मिनिटं सलग गिळणं, एक बाजू रिकामी करून दुसरीकडे वळणं, शेवटी हात सैल. बारा-वीसला उठलं त्या दिवशी बाटलीतून दिवसभरात १८० मिली दूध गेलं होतं. एक-पस्तीसला उठलं तो आईच्या सुट्टीचा दिवस होता आणि बाळ दिवसभर अंगावर प्यायलं होतं. पाच रात्रींवरून फार मोठं विधान करता येत नाही, पण दिवसा कमी प्यायलं की रात्री लवकर उठायचं, हा धागा वहीत सरळ दिसत होता. ही भूक होती आणि तिचं मूळ दिवसात होतं.

तिसरं उठणं: तीन-पाच, सव्वातीन, तीन, तीन-दहा, सव्वातीन. मला सगळ्यात जास्त सांगून गेलं ते हेच. आधीचं पाजणं बारा-वीसला झालं असो की एक-पस्तीसला, बाळ तीनच्या आसपास उठणारच. भूक शेवटच्या पिण्याकडे पाहते. पोटाला लागून येणारं उठणं त्या रात्री पुढे-मागे सरकायला हवं होतं. ते घड्याळाला चिकटून राहिलं, म्हणजे शरीराने ती वेळ शिकून घेतली होती. गिळणं दोन-तीन मिनिटं, मग नुसतं हलकं चोखणं, आणि त्यानंतरची झोपही उथळ.

आईच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तीन वाजता बाळ दोन-तीन मिनिटं का होईना, गिळत होतं. दूध समोर आलं, पान्हा फुटला, तर बाळ थोडं पिणारच. रोज दुपारी चार वाजता खाणाऱ्या माणसाला चारला पोटात कावकाव होते, सकाळी कितीही जेवलेलं असो. ती भूक खोटी नसते, पण ती सरकवता येते. बाळाला "नाटकं करतं" असं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. तीनला उठणारं बाळ काहीही नाटक करत नसतं. फक्त त्या वेळी दूध नाही मिळालं, तर त्याच्या पोषणात खड्डा पडत नाही.

चौथं उठणं पावणेपाच ते पाचच्या दरम्यान. याचा उलगडा वहीवरून झाला नाही. पहाटेची झोप सगळ्यांचीच हलकी असते आणि या वेळेपर्यंत बाळाची बरीचशी झोप झालेली असते. दुसरीकडे, तीनचं पाजणं बंद झालं तर पाच वाजता बाळाला प्यायला साडेतीन-चार तास झालेले असतील, तेव्हा तिथे खरी भूक येऊ शकते. म्हणून चौथ्याला हात लावायचा नाही असं ठरलं. आधी तीनचा निकाल लागू दे.

दिवसाची बाजू

बाबांना रात्रीपासूनच सुरुवात करायची होती. मी आधी दिवस दुरुस्त करायला सांगितलं, कारण दिवसाची तूट तशीच ठेवून रात्रीचं दूध काढून घेणं म्हणजे बाळाला खरंच उपाशी ठेवणं.

अंगावर पिणारं बाळ आईपासून दूर असताना तासाला साधारण ३० ते ४५ मिली दूध घेतं, असा अंदाज धरतात. नऊ तासांना २७० ते ४०० मिली. आजीच्या नोंदीत १८० ते २४० होतं. आजीला वाईट वाटलं, पण तिचं काही चुकत नव्हतं. सहा महिन्यांच्या बाळाला जग दिसू लागलेलं असतं. दाराचा आवाज, कुणाचं हसणं, खिडकीतली हालचाल, की बाळ तोंड काढून तिकडे वळतं. चार घोट पिऊन त्याला पुरे वाटतं. राहिलेलं दूध मग रात्री मागून घेतं, कारण तेव्हा घर शांत असतं आणि आई जवळ असते.

दोनच बदल केले. बाटली आतल्या खोलीत, पडदा ओढून, बोलणं बंद ठेवून द्यायची. आणि दूध आधी, वरचं अन्न नंतर, मध्ये तासभर तरी जाऊ द्यायचा. घरात उलटं चाललं होतं: आधी पातळ, पाणीदार अन्न भरवायचे, त्याने पोट फुगायचं आणि बाटली अर्धी उरायची. तसल्या पातळ अन्नात दुधापेक्षा ऊर्जा कमी असते. या वयात दूध हाच मुख्य आहार आहे, वरचं अन्न त्याच्या जोडीला. अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट करायला सांगितलं. रात्री झोपण्याआधी जास्त भरवून बाळ जास्त झोपेल, ही आशा मात्र ठेवू नका असंही सांगितलं. पोट भरून ओसंडल्याने पावणेनऊचं आणि तीनचं उठणं थांबत नाही.

चार दिवसांत बाटलीचं दूध ३०० मिलीच्या वर गेलं. दुसरं उठणं दीडच्या आसपास स्थिरावलं. तीनचं जिथल्या तिथे. दिवसाचं दूध वाढूनही जे उठणं हललं नाही, त्याचा पोटाशी संबंध नाही, हा माझा अंदाज यामुळे आणखी पक्का झाला.

तीन वाजताची चाचणी

आता प्रत्यक्ष पाहायचं होतं. मी याला चाचणी म्हणते, बाळाला वळण लावणं म्हणत नाही, कारण निकाल कोणताही लागला तरी त्यातून माहितीच मिळते.

तीनला बाबांनी जायचं. आई गेली की दुधाचा वास येतो आणि बाळाला दुसरं काही सुचत नाही. आवाज आल्यावर आधी दोन-तीन मिनिटं नुसतं ऐकायचं. बाळं उथळ झोपेत कण्हतात, हात-पाय झाडतात, क्षणभर रडतातसुद्धा, आणि जागी झालेलीच नसतात. अशा वेळी उचललं तर आपणच उठवतो. रडणं वाढलं तर दिवा न लावता छातीवर हात ठेवायचा, थोपटायचं, लागलं तर उचलून खांद्यावर घ्यायचं. दहा-बारा मिनिटांत रडणं उतरत गेलं तर थोपटत राहायचं. चढत गेलं, बाळ तोंड उघडून खांद्यावर दूध शोधू लागलं, तर आईने पाजायचं. अडून बसायचं नाही.

झोपल्यावर बाळ किती वेळ टिकतं, ते त्याहून महत्त्वाचं. थोपटून झोपलं आणि तास-दीड तास झोपलं, तर भूक नव्हती. थोपटून झोपलं पण वीस-पंचवीस मिनिटांत पुन्हा जोरात रडत उठलं, तर भूक होती. भुकेलं बाळ थकव्याने क्षणभर झोपतं, पण टिकत नाही.

पहिल्या रात्री रडणं वाढलं आणि आईने पाजलं. गिळणं दोन मिनिटं. दुसऱ्या रात्री बारा मिनिटं थोपटल्यावर झोपलं, ते थेट पाच वाजता उठलं, आणि पाचला आठ मिनिटं सलग गिळलं. तिसरी रात्र तशीच. चौथ्या रात्री झोपलं, पण साडेतीनला मुठी चोखत उठलं आणि आईकडे घेतल्यावर दहा मिनिटं गटागटा प्यायलं. वही पाहिली तर त्या दिवशी घरी गडबड होती आणि बाटलीतून १७० मिली गेलं होतं. म्हणजे त्या रात्रीची तीनची भूक खरी होती, आणि पाजणं बरोबर होतं. आई म्हणाली, "मग केलेलं सगळं वाया गेलं का?" नाही गेलं. एका रात्री खऱ्या भुकेला पाजल्याने सवय परत येत नाही. रोज त्याच वेळी, भूक असो-नसो, पाजल्याने येते.

आठवड्याअखेरीस तीनला बाळ कुरकुरायचं आणि बहुतेकदा स्वतःच झोपायचं.

हे पाजणं एकदम थांबवता आलं, कारण गिळणं पाच मिनिटांच्या आत होतं. तीन वाजता बाळ दहा मिनिटं गिळत असतं, तर मी ते हळूहळू उतरवलं असतं: दर दुसऱ्या रात्री दोन मिनिटं कमी. रात्री बाटली घेणाऱ्या बाळाचं दर दुसऱ्या रात्री २०-३० मिली कमी करत ६० मिलीपर्यंत यायचं, मग थांबायचं. पावडरचं दूध असेल तर पाणी वाढवून पातळ कधीच करायचं नाही. प्रमाण तेच, फक्त मात्रा कमी. तेवढ्या वेळात बाळ दिवसाचं पिणं वाढवतं. ते वाढताना दिसलं नाही, तर कमी करणं थांबवायचं.

आईच्या अंगाचाही विचार करावा लागतो. पहिल्या दोन-तीन रात्री तिची छाती तीनला भरून दुखू लागली. दडस वाटेनासं होईल इतकंच दूध हाताने काढायला सांगितलं. पूर्ण रिकामं केलं तर शरीर त्या वेळेचं दूध बनवतच राहतं, आणि तसंच दाबून ठेवलं तर गाठ होऊन ताप येऊ शकतो. काही बायकांच्या छातीत एका वेळी कमी दूध साठतं आणि त्यांचं दूध टिकण्यात रात्रीच्या पाजण्याचा मोठा वाटा असतो. दिवसाचं दूध घटतंय असं दिसलं असतं तर आम्ही मागे फिरलो असतो.

पावणेनऊचं उठणं

यावर फार काही करावं लागलं नाही. संध्याकाळचं शेवटचं पाजणं वीसेक मिनिटं आधी घेतलं, त्यानंतर कपडे बदलणं, दिवा मंद, आणि बाळ पेंगुळलेलं पण जागं असताना पाठीवर, सपाट अंथरुणावर ठेवणं. आजीने थोपटलं. आवर्तनाच्या टोकाला जाग आल्यावर बाळाला झोपताना होतं तेच सापडलं. पहिल्या दोन संध्याकाळी रडारड झाली, मग उठणं विरळ झालं. पूर्ण गेलं नाही. आठवड्यातून एक-दोनदा अजून होतं आणि थोपटल्यावर मिटतं.

काय ठेवलं

दीडचं आणि पाचचं पाजणं ठेवलं. बाबांना दीडचंही काढायचं होतं. मी नको म्हटलं. पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पिणाऱ्या बाळांची मोजमापं घेतली गेली आहेत. त्यांत चोवीस तासांच्या दुधाचा साधारण पाचवा हिस्सा रात्री जातो असं दिसतं. जे बाळ दीडला दहा मिनिटं गिळतं आणि नंतर साडेतीन तास झोपतं, त्याचं ते जेवण आहे. सहा महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाने रात्री एकदाही पिऊ नये असा नियम नाही.

पुढे दोन आठवड्यांनी बाळाला सर्दी झाली. नाक चोंदलेलं, दिवसा पिणं अर्ध्यावर. आईने न विचारता रात्री मागेल तेव्हा पाजलं, तीनलासुद्धा. योग्यच केलं. आजारात तोलून-मापून पाहायचं नसतं. बरं वाटल्यावर तीनचं उठणं काही रात्री टिकून होतं, तेव्हा वही पुन्हा उघडली: दिवसाचं दूध पूर्ववत झालं का, गिळणं किती, थोपटून किती टिकतं. दिवसाचं दूध परत ३०० च्या वर गेल्यावरच बाबा पुन्हा तीनला जाऊ लागले, आणि या वेळी ते तीन-चार रात्रींत मिटलं.

दीडचं पाजणं कधी थांबवायचं, असं आईने शेवटच्या भेटीत विचारलं. तारीख मी दिली नाही, काय पाहायचं ते सांगितलं. वरचं अन्न वाढेल तसं एक दिवस दीडचं गिळणं दहा मिनिटांवरून तीन-चारवर येईल, किंवा सकाळी बाळ पहिलं पाजणं टाळू लागेल. दोन्हीपैकी एक आठवडाभर दिसलं आणि वजन रेषेवर असलं, की तीनला केलेली चाचणी दीडला करायची. तोवर पाजायचं.